आधारवरचं चुकीचं नाव किंवा जन्मतारीख कशी दुरुस्त करायची: कुठला कागद चालतो आणि आधी काय करायचं

आधार कार्डावरची जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा. ही मर्यादा आधार देणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने, म्हणजे यूआयडीएआयने, घातली आहे. बऱ्याच जणांना ती कळते तेव्हा संधी वापरून झालेली असते. घाईत हाताला लागलेला कागद घेऊन केंद्रावर जायचं, तारीख बदलून घ्यायची आणि सहा महिन्यांनी पासपोर्टच्या वेळी लक्षात यायचं की दहावीच्या प्रमाणपत्रावर वेगळीच तारीख आहे, असं वारंवार घडतं. म्हणून केंद्रावर जाण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी पाहा: तुमच्या नोंदीत आज नेमकं काय आहे

myaadhaar.uidai.gov.in या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकून, मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने आत जा. तिथे आधी झालेल्या बदलांचा इतिहास दिसतो. नाव किंवा जन्मतारीख पूर्वी कधी बदलली होती का, हे तिथे पाहून घ्या. कधी घरातल्याच कुणीतरी दहा वर्षांपूर्वी शिबिरात दुरुस्ती करून आणलेली असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला नसेल किंवा जुना क्रमांक बंद पडला असेल, तर ओटीपी येणार नाही. मग केंद्रावर जाल तेव्हा नाव-तारखेबरोबरच नवा मोबाइल क्रमांकही त्याच अर्जात लिहा. एकाच अर्जात अशा एकाहून जास्त गोष्टी बदलल्या तरी शुल्क एकदाच लागतं.

ज्यांच्या आधारवर १ जानेवारी ही तारीख आहे, त्यांच्यासाठी थोडं खुलासेवार. आधारची सुरुवातीची नोंदणी झाली तेव्हा गावोगावच्या शिबिरांत अनेकांकडे कागद नव्हते. कुणी नुसतं वय सांगितलं, कुणी वर्ष सांगितलं. यूआयडीएआयच्या नोंदीत जन्मतारखेचे तीन प्रकार असतात: कागद पाहून पडताळलेली, तोंडी सांगितलेली आणि वयावरून अंदाजाने धरलेली. नुसत्या वयावरून धरलेल्या तारखेत दिवस-महिना खरा नसतोच, त्यामुळे काही कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं दिसतं. अशी नोंद असेल तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र ती दुरुस्त करायला कागद लागतोच, या वेळी तोंडी सांगून चालत नाही.

मग ठरवा: कुठला कागद आधार धरायचा

जन्मतारखेसाठी प्रौढ व्यक्तीचे हे कागद चालतात: जन्माचा दाखला, भारतीय पासपोर्ट, मान्यताप्राप्त बोर्डाची किंवा विद्यापीठाची गुणपत्रिका अथवा प्रमाणपत्र, आणि सरकारी नोकरीतल्यांसाठी जन्मतारीख असलेलं सेवा ओळखपत्र किंवा निवृत्तांसाठी पेन्शनचा आदेश. लहान मुलांसाठी जन्माचा दाखलाच हाताशी ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्म-मृत्यू नोंदणीचा सुधारित कायदा लागू झाला असून त्या दिवसानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच कागद धरला जातो.

दहावीच्या कागदाबद्दल एक सूचना. तुमच्या हातातल्या कागदावर जन्मतारीख छापलेली आहे ना, हे घरूनच पाहून निघा. बऱ्याच गुणपत्रिकांवर फक्त बैठक क्रमांक आणि गुण असतात, तारीख नसते. ती बोर्डाच्या उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर असते. गुणपत्रिका घेऊन गेलेला माणूस रांगेत तासभर उभा राहून परत येतो तो याच कारणाने.

नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालत नाही. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेण्यात पैसे घालवू नका. सरपंचाचं किंवा नगरसेवकाचं पत्रही तारखेसाठी उपयोगी पडत नाही.

आता खरा अवघड प्रश्न. तुमच्याकडच्या दोन कागदांवर दोन तारखा असतील तर? महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीची ही अडचण आहे. पहिलीत नाव घालताना जन्माचा दाखला नसायचा, मग गुरुजींनी शाळा सुरू व्हायच्या सुमारास धरून १ जून लिहिलेलं असतं, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत मात्र ऑगस्टमधली किंवा डिसेंबरमधली खरी तारीख असते. जन्मनोंद हा मूळ कागद आहे आणि तो कायद्याने वजनदारही आहे. पण दहावी, पॅन, नोकरीचं सेवापुस्तक, भविष्य निर्वाह निधी या सगळ्यांत १ जून असेल आणि तुम्ही फक्त आधारवर ऑगस्ट केला, तर आज एक विसंगती मिटून चार नव्या उभ्या राहतील. शिवाय शाळा सोडल्यानंतर शाळेच्या दप्तरातली जन्मतारीख बदलायला माध्यमिक शाळा संहितेत फार कमी वाव आहे. उघड लेखनचूक सोडली तर ती नोंद सहसा तशीच राहते.

माझं मत असं की नोकरीत असलेल्या किंवा पासपोर्ट काढलेल्या माणसाने आधी आपले सगळे कागद एका टेबलावर पसरावेत आणि तारखा एका वहीत लिहून काढाव्यात. मग जन्मदाखल्याप्रमाणे बाकी सगळं बदलण्याची तयारी आहे का, हे ठरवूनच आधारला हात लावावा. ज्यांची शाळा झाली नाही, त्यांनी दुसरा विचार न करता जन्मदाखला शोधावा.

जन्मदाखल्यावरच चूक असेल तर आधी ती सुधारून घ्या. जन्म जिथे झाला तिथल्या ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू निबंधकाला नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ ने दिला आहे. दाखल्यावर बाळाचं नावच नसेल, नुसतं आई-वडिलांचं असेल, तर कलम १४ प्रमाणे नाव नोंदवून घेता येतं. नोंदणीपासून वर्षभर त्याला शुल्क नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते करता येतं. बिननावाचा दाखला आधार केंद्रावर नेऊन उपयोग नाही, कारण तो तुमचाच आहे हे त्यावरून कळत नाही.

नावासाठी वेगळा हिशेब

नावातली चूक दोन प्रकारची असते आणि दोन्हींना लागणारे कागद वेगळे आहेत.

पहिला प्रकार किरकोळ चुकीचा: एखादं अक्षर चुकलं, मधलं नाव अर्धवट आलं, आडनाव पुढे आणि नाव मागे गेलं. त्यासाठी बरोबर नाव लिहिलेलं एखादं फोटोचं ओळखपत्र पुरतं. पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, वाहन चालवण्याचा परवाना, पासपोर्ट, सरकारी नोकरीचं ओळखपत्र यांपैकी ज्यावर तुमचं नाव जसं हवं तसं आहे, ते न्यायचं. हेच पॅन कार्ड नावासाठी चालतं म्हणून जन्मतारखेसाठीही चालेल, असं मात्र धरू नका.

दुसरा प्रकार नावच बदलण्याचा. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र लागतं. लग्नपत्रिका, मंडपातले फोटो, पुरोहितांचं पत्र यांवर काम होत नाही. घटस्फोटानंतर पूर्वीचं नाव घ्यायचं असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. आणि पाळण्यातलं नाव टाकून पूर्णपणे वेगळं नाव घ्यायचं असेल, तर राजपत्रातली अधिसूचना आणि जुन्या नावाचं एखादं ओळखपत्र, असे दोन्ही कागद लागतात. महाराष्ट्रात ही जाहिरात शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयामार्फत राजपत्रात छापली जाते. ती छापून यायला वेळ लागतो, म्हणून राजपत्र हातात येईपर्यंत आधारच्या अर्जाची घाई करू नये.

मराठी माणसांच्या नावांत आणखी एक चूक नेहमी सापडते, ती मराठीतल्या छपाईची. केंद्रावरचा चालक नाव इंग्रजीत टाइप करतो आणि संगणक त्याचं मराठी आपोआप करतो. इंग्रजीत Dalvi लिहिलं की मराठीत दळवीचं दलवी होतं, Kale चं काळेऐवजी काले होतं, Bhanudas सारख्या नावात णचा न किंवा नचा ण होऊन बसतो. इंग्रजी स्पेलिंगकडे सगळ्यांचं लक्ष असतं, मराठी ओळ कुणी वाचत नाही. चालकाला सांगून ती ओळ हाताने सुधारून घेता येते. अर्ज पुढे पाठवण्याआधी दोन्ही ओळी अक्षर अक्षर वाचा.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा, सचिन नावाचे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या आधारवर नाव आहे सचिन रामभाऊ पवार आणि जन्मतारीख १ जानेवारी १९८८. वडिलांना गावात सगळे रामभाऊ म्हणायचे, म्हणून शिबिरात तसंच लिहिलं गेलं. दहावीच्या बोर्ड प्रमाणपत्रावर आणि पॅन कार्डावर नाव आहे सचिन रामचंद्र पवार आणि जन्मतारीख १४ जून १९८८. जन्मदाखला काढला तर त्यावरही १४ जून आहे. इतकं जुळतंय म्हणजे सचिनरावांचं नशीब चांगलं, कुठला कागद आधार धरायचा हा प्रश्न उरलाच नाही.

ते बोर्डाचं प्रमाणपत्र घेऊन फक्त तारीख बदलायला गेले तर काय होईल? प्रमाणपत्रावर रामचंद्र आहे, आधारवर रामभाऊ. पडताळणी करणाऱ्याला हा कागद याच माणसाचा आहे याची खात्री पटत नाही आणि अर्ज फेटाळला जातो. जन्मतारखेचे अर्ज नाकारले जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. कागद खरा असतो, तारीख खरी असते, पण त्यावरचं नाव आधारशी जुळत नाही.

म्हणून त्यांनी क्रम असा ठेवावा. पहिल्या फेरीत पॅन कार्ड दाखवून रामभाऊचं रामचंद्र करून घ्यावं. तो बदल मंजूर होऊन नवं ई-आधार दिसू लागलं की दुसऱ्या फेरीत बोर्डाचं प्रमाणपत्र नेऊन तारीख बदलावी. दोन्ही एकाच अर्जात टाकण्याची मुभा आहे आणि त्यात एक शुल्क वाचतं. तरीही तारखेची संधी एकच असल्यामुळे मी दोन फेऱ्यांचाच सल्ला देईन. तारखेचा अर्ज जाईल तेव्हा कागदावरचं आणि नोंदीतलं नाव तंतोतंत एकच असलं पाहिजे.

लग्न झालेल्या बायकांसाठी हाच क्रम उलटा करावा लागतो. दहावीचं प्रमाणपत्र आणि जन्मदाखला माहेरच्या नावाने असतात. आधारवर अजून माहेरचं नाव असेल आणि तारीखही चुकलेली असेल, तर आधी तारीख दुरुस्त करा, आडनाव नंतर बदला. आडनाव आधी बदललं की माहेरच्या नावाचा एकही कागद नोंदीशी जुळत नाही. ज्यांच्या आधारवर सासरचं नाव आधीच आलं आहे, त्यांना सासरच्या नावाचा आणि बरोबर तारखेचा पासपोर्ट सर्वांत सोपा पडतो, कारण एकाच कागदावर दोन्ही गोष्टी असतात. मुलीचं लग्न ठरलं की दागिन्यांच्या यादीबरोबर तिच्या आधारवरची जन्मतारीखही एकदा पाहून घ्यावी, असं मी ओळखीतल्या सगळ्यांना सांगते.

केंद्रावर जाताना आणि तिथे

नाव आणि जन्मतारीख बदलायला सध्या स्वतः केंद्रावर जावं लागतं. आधार सेवा केंद्रं, ठरावीक बँक शाखा आणि टपाल कार्यालयांत ही सोय असते. आधार सेवा केंद्राची वेळ ऑनलाइन आधी घेता येते. ती घेऊन गेलात तर रांगेत ताटकळावं लागत नाही. दुसऱ्याला पाठवून चालत नाही, कारण तिथे बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं जुळवून तुम्हीच आहात याची खात्री केली जाते.

कागद मूळ न्या. ते तुमच्यासमोर स्कॅन होऊन लगेच परत मिळतात, झेरॉक्सवर काम होत नाही. लॅमिनेशन केलेला जुना दाखला चकाकतो आणि स्कॅनमध्ये अक्षरं उडतात, म्हणून शक्य असेल तर दाखल्याची ताजी प्रत काढून घ्या. स्कॅन झाल्यावर पडद्यावर तारीख आणि शिक्का वाचता येतो का, हे चालकाला विचारायला लाजू नका. अस्पष्ट स्कॅन हेही नकाराचं नेहमीचं कारण आहे.

अर्जात जे बदलायचं आहे तेवढंच भरा. बाकीचे रकाने भरत बसलात तर नको असलेले बदलही अर्जात जाण्याची शक्यता असते. तारीख दिवस-महिना-वर्ष अशा क्रमाने लिहा आणि चालकाने टाइप केल्यावर दिवस व महिना उलटा झाला नाही ना, ते पाहा. १४ जूनमध्ये अशी चूक लगेच कळते, पण ५ जूनचं ६ मे झालं तर कुणाच्या ध्यानात येणार नाही आणि ती एकमेव संधी त्यातच जाईल.

१ ऑक्टोबर २०२५ पासून नाव, जन्मतारीख, पत्ता अशा माहितीच्या बदलाचं शुल्क ७५ रुपये आहे. ठसे-फोटोही त्याच वेळी नव्याने घेतले तर त्याचे १२५ रुपये होतात आणि त्यासोबत केलेल्या माहितीच्या बदलाला वेगळे पैसे लागत नाहीत. पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा जास्त कुणी मागितलं तर १९४७ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे मराठीतही बोलतात.

निघताना मिळणारी पोचपावती जपून ठेवा. तिच्यावर १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि त्याखाली तारीख-वेळ छापलेली असते. अर्जाची स्थिती ऑनलाइन पाहायला दोन्ही लागतात. घरी जाण्याआधी तिथेच उभं राहून पावतीवरचं नवं नाव आणि नवी तारीख वाचा. चूक दिसली तर ती त्याच वेळी चालकाला सांगणं सोपं जातं.

नकार आला किंवा मर्यादा संपली तर

साधारण महिन्याभरात निकाल लागतो. नाकारला गेला तर कारण वाचा. नाव जुळत नाही, कागद यादीतला नाही, स्कॅन वाचता येत नाही, अशी कारणं असतील तर कागद नीट करून पुन्हा जाता येतं. तोच कागद तसाच घेऊन दुसऱ्या केंद्रावर जाण्यात अर्थ नाही, कारण तपासणी केंद्रावर होत नाही, ती पुढे होते.

मर्यादा ओलांडली म्हणून नकार आला असेल तर मार्ग वेगळा आहे. आधी केंद्रावर रीतसर अर्ज करायचा आणि तो मर्यादेमुळे नाकारला गेला की त्या पावतीचा क्रमांक देऊन १९४७ वर किंवा help@uidai.gov.in या पत्त्यावर विशेष बाब म्हणून विचार करण्याची विनंती करायची. प्रकरण यूआयडीएआयच्या प्रादेशिक कार्यालयाकडे जातं. महाराष्ट्रासाठी ते मुंबईत आहे. जन्मतारखेच्या दुसऱ्या बदलासाठी तिथे जन्मदाखलाच मागतात आणि आधीची चुकीची तारीख कशी आली, याचं लेखी कारण द्यावं लागतं. पहिल्या वेळी जन्मदाखल्याला डावलून दुसऱ्या कागदावरची तारीख घेतली असेल, तर अडचण होते ती इथेच.

एक गोष्ट इथे समजून घेतली पाहिजे. यूआयडीएआयने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. भविष्य निर्वाह निधी संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. तेव्हा आधार दुरुस्त झालं म्हणून पीएफमधली किंवा सेवापुस्तकातली तारीख आपोआप बदलणार नाही. तिथे पुन्हा तोच मूळ कागद दाखवावा लागेल.

बदल मंजूर झाल्यावर

आधार क्रमांक तोच राहतो. नवं ई-आधार उतरवून घ्या, पण ती फाइल उघडायचा पासवर्ड आता वेगळा असू शकतो. तो इंग्रजीतल्या नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष असा असतो. सचिनरावांचा SACH1988 होता आणि तोच राहील, कारण त्यांचं पहिलं नाव आणि वर्ष बदललं नाही. ज्यांचं वर्ष बदललं, त्यांनी नवं वर्ष टाकून पाहावं.

मग पॅन आणि आधार यांवरचं नाव व तारीख एकमेकांशी जुळतात का ते पाहा. जुळत नसतील तर पॅनची दुरुस्ती लगेच करा, कारण दोघांची जोडणी नाव आणि जन्मतारीख पाहूनच होते. त्यानंतर बँक, पीएफ आणि शिधापत्रिका. मुलांच्या बाबतीत शाळेलाही नवी प्रत द्या, म्हणजे दहावीचा अर्ज भरताना जुनी नोंद पुन्हा पुढे जाणार नाही.